अर्धी म्हण आणि पूर्ततेचा अधिकार

१

म्हण अर्ध्यावर सोडून देण्याची मराठी बोलणाऱ्याला मोठी सवय आहे. 'नाचता येईना' एवढे म्हटले की ऐकणाऱ्याच्या मनातले अंगण आपोआप वाकडे होते. 'आपला तो बाब्या' म्हणून बोलणारा थांबला तरी दुसऱ्याचे कारटे समोर येऊन उभे राहते. अशा वेळी उरलेला भाग सांगण्याची गरज नसते, किंबहुना तो सांगितला तर बोलण्यातली गंमत कमी होते. अर्धी म्हण ही बोलणारा आणि ऐकणारा यांच्यातल्या सामायिक स्मृतीवर काढलेली हुंडी असते. ऐकणारा ती मनातल्या मनात वटवतो आणि संभाषण पुढे जाते.

हा व्यवहार तोंडी असतो तोवर त्यात फारसा धोका नसतो. ऐकणाऱ्याने मनात चुकीची पूर्तता केली तरी बोलणारा समोर असतो. 'तसे नव्हे म्हणायचे मला' असे सांगण्याची त्याला सोय असते. प्रश्न निर्माण होतो तो ही अर्धी म्हण कागदावर उतरते तेव्हा. ध्वनिफितीवरून मुलाखत उतरवून घेणारा संशोधक, फाटक्या पत्राचा संपादक, कादंबरीतल्या संवादाचा अनुवादक, त्या संवादाचा अर्थ लावणारा समीक्षक या सर्वांसमोर एक तुटलेले वाक्य असते आणि त्याचा उरलेला भाग प्रत्येकाला तोंडपाठ असतो. तो लिहून टाकण्यात काही चूक आहे असे कोणाला सहसा वाटत नाही. जे सर्वांना ठाऊक आहे ते लिहिण्यात कसली चूक?

प्रस्तुत लेखाचा विषय हा निःशंकपणा आहे. अर्धी म्हण स्मरणाने पूर्ण करणे ही वरवर पाहता केवळ सोयीची कृती आहे. पण तीत एका व्यक्तीच्या तोंडी तिने न उच्चारलेले शब्द घातले जात असतात, आणि ते शब्द प्रसंगी तिच्या सांगण्याची नैतिक दिशाच बदलून टाकतात. ही गोष्ट सर्वसामान्य विधानांनी सिद्ध करण्यापेक्षा एका म्हणीच्या आधारे तपासणे अधिक उपयुक्त ठरेल.

२

'म्हातारी मेल्याचे दुःख नाही, पण काळ सोकावतो' ही म्हण सर्वपरिचित आहे. तिची रचना दोन असमान पारड्यांची आहे. पहिल्या अर्ध्या भागात एक नकार आहे आणि तो ऐकायला कठोर आहे: एक माणूस मेले आणि त्याचे दुःख नाही. दुसरा भाग या कठोरपणाला कारण पुरवतो. एका म्हातारीचा मृत्यू ही बोलणाऱ्याची खरी चिंता नाही. त्या मृत्यूमुळे काळाला या घराची वाट सापडली, ही आहे. 'सोकावणे' हे क्रियापद येथे अतिशय नेमके आहे. शेतात एकदा तोंड घातलेले गुरू पुन्हा त्याच बांधावरून आत शिरते, तेव्हा ते सोकावले असे म्हणतात. चटक, निर्ढावलेपणा आणि पुनरावृत्ती या तिन्ही छटा त्या एका शब्दात आहेत.

म्हणूनच ही म्हण प्रत्यक्ष मृत्यूविषयी फारशी वापरली जात नाही. गायरानाचा एक लहानसा तुकडा कोणी बळकावला, एका कर्मचाऱ्याचा एका दिवसाचा पगार विनाकारण कापला गेला, सभेच्या इतिवृत्तात एक ओळ परस्पर बदलली गेली, अशा प्रसंगी ती येते. नुकसान किरकोळ आहे, पण पायंडा घातक आहे, असा तिचा युक्तिवाद. तर्कशास्त्राच्या भाषेत ही म्हण विशेषाकडून सामान्याकडे जाते. घडलेल्या घटनेचे मूल्य ती जाणूनबुजून कमी करते आणि ते मूल्य घटनेने घालून दिलेल्या पायंड्याकडे वळवते.

आता ही म्हण मध्येच तोडून पाहावी. 'म्हातारी मेल्याचे दुःख नाही' एवढ्यावर वाक्य थांबले तर पहिला नकार उघडा पडतो. संदर्भ नसेल तर बोलणारा निर्दय वाटेल. दुसरा भाग जोडला की तोच बोलणारा दूरदर्शी आणि विवेकी वाटू लागतो. म्हणजे अर्ध्या म्हणीच्या पूर्ततेवर येथे केवळ वाक्याचा अर्थ अवलंबून नाही, माणसाविषयीचा निवाडा अवलंबून आहे. 'नाचता येईना' पूर्ण केले काय किंवा सोडले काय, बोलणाऱ्याच्या शीलाविषयी काही ठरत नाही. येथे ठरते. पूर्तता करणारा बोलणाऱ्याची बाजू सावरत असतो, आणि आपण तसे करीत आहोत याची त्याला बहुधा जाणीवही नसते.

३

तुटलेले वाक्य कसे पुरे करावे हा प्रश्न भारतीय परंपरेला नवा नाही. मीमांसकांनी 'अध्याहार' या संज्ञेखाली त्याचा काटेकोर विचार केला आहे. त्यांचे ठरलेले उदाहरण साधे आहे. कोणी 'दार' एवढेच म्हणतो. ऐकणारा दार लावतो. 'लाव' हा शब्द उच्चारला गेलेला नाही. मग ऐकणाऱ्याला तो कळला कसा? भाट्ट मीमांसकांचे म्हणणे असे की वाक्यार्थ हा शब्दांतूनच निष्पन्न होत असल्याने ऐकणाऱ्याला 'लाव' हा शब्दच मनात आणावा लागतो. हा शब्दाध्याहार होय. प्राभाकरांच्या मते शब्द आणण्याची गरज नाही. लावण्याची क्रिया हा अर्थ परिस्थितीतून उपलब्ध झाला की पुरे. हा अर्थाध्याहार होय.

हा वाद अर्ध्या म्हणीला लावून पाहिला तर एक महत्त्वाचा भेद स्पष्ट होतो. 'दार' या उच्चाराची पूर्तता करणारा शब्द ठरलेला नसतो. लाव, बंद कर, ओढून घे यांपैकी कोणताही चालेल, कारण अर्थ तोच राहतो. म्हणीचे तसे नाही. म्हणीचा उरलेला भाग शब्दशः ठरलेला असतो, त्यामुळे तेथे अर्थाध्याहार आणि शब्दाध्याहार एकच असल्याचा भास होतो. ऐकणाऱ्याला अर्थ शोधावाच लागत नाही. त्याच्या आधीच शब्द हजर होतात. 'दार' म्हणणाऱ्याला काय हवे आहे हे समजण्यासाठी परिस्थितीकडे पाहावे लागते: वारा सुटला आहे का, बाहेर कोणी उभे आहे का, दार आधीच बंद आहे का. दार बंद असेल तर 'दार' याचा अर्थ 'उघड' असाही होईल. 'म्हातारी मेल्याचे दुःख नाही' ऐकताच मात्र परिस्थितीकडे पाहण्याचे कोणाला सुचत नाही, कारण पुढचे शब्द आधीच कानात वाजलेले असतात. पूर्तता जितकी आपोआप होते तितकी ती प्रसंगापासून तुटलेली असते.

मीमांसकांच्या विवेचनाला आणखी एक बाजू आहे. त्यांच्यापुढे मुख्यतः वेदवाक्य होते आणि वेद त्यांच्या मते अपौरुषेय. तेथे वक्ताच नाही, त्यामुळे वक्त्याला काय म्हणायचे होते हा प्रश्न उद्भवत नाही. वाक्याची आकांक्षा पुरी झाली की काम झाले. म्हणीचे स्थान या बाबतीत मोठे चमत्कारिक आहे. म्हणीलाही कर्ता नसतो. 'म्हण' हे नाम 'म्हणणे' या क्रियापदापासून आले आहे, आणि म्हण वापरताना 'म्हणतात ना' असे म्हणून बोलणारा ती अनामिक लोकांच्या पदरात घालतो. या अर्थाने म्हण जवळजवळ अपौरुषेय आहे. पण म्हणीचा विशिष्ट क्षणी केलेला उच्चार मात्र सर्वस्वी पौरुषेय असतो. त्याला एक वक्ता, एक श्रोता, एक वेळ असते. म्हण कोणाचीच नाही, उच्चार मात्र कोणाचातरी असतो.

स्मरणातून केलेल्या पूर्ततेची चूक नेमकी येथे आहे. स्मरण म्हणीचे असते, उच्चाराचे नसते. संशोधक किंवा संपादक अर्धे वाक्य पूर्ण करतो तेव्हा तो म्हणीशी प्रामाणिक राहतो. पण त्याचे उत्तरदायित्व म्हणीकडे नसून उच्चारणाऱ्या माणसाकडे असते. समाजाचे वाक्य त्याने एका व्यक्तीच्या नावावर चढवलेले असते.

४

यावर असे म्हणता येईल की म्हणीचे स्मरण तरी अचूक असते ना? तेही गृहीत धरता येत नाही. एफ. सी. बार्टलेट या केंब्रिजच्या मानसशास्त्रज्ञाने १९३२ साली स्मरणावरील आपल्या ग्रंथात जे प्रयोग नोंदवले ते येथे आठवण्यासारखे आहेत. उत्तर अमेरिकेतील आदिवासींची एक कथा त्याने इंग्रज वाचकांना वाचायला दिली आणि पुढे वेगवेगळ्या अवधीनंतर ती आठवून लिहायला सांगितली. कथा आखूड झाली, हे अपेक्षितच होते. लक्षणीय गोष्ट अशी की जे तपशील वाचकांना अनोळखी होते ते ओळखीच्या तपशिलांत बदलले. डोंग्यांच्या जागी होड्या आल्या, सीलच्या शिकारीच्या जागी मासेमारी आली. आणि आपण बदल केला आहे असे लिहिणाऱ्यांना वाटले नव्हते. स्मरण ही साठवलेल्या वस्तूची उचल नसून प्रत्येक वेळची नवी रचना असते आणि ती रचना परिचिताकडे झुकते, हा बार्टलेटचा निष्कर्ष.

या झुकण्याचा प्रत्यय विचाराधीन म्हणीतच येतो. तिचा उत्तरार्ध बोलण्यात एकाच रूपात ऐकू येत नाही. 'काळ सोकावतो', 'काळ सोकावू नये', 'काळ सोकावता कामा नये' अशी रूपे आढळतात. 'पण' कधी असतो, कधी नसतो. हे फरक किरकोळ वाटतात, परंतु नैतिक दृष्टीने ते तीन वेगळी विधाने आहेत. 'सोकावतो' हे वस्तुस्थितीचे कथन आहे. त्यात थोडी हताशाही आहे, कारण काळाचा स्वभावच तसा. 'सोकावू नये' ही इच्छा आहे. 'सोकावता कामा नये' यात कर्तव्य आहे, कोणीतरी उठून काही केले पाहिजे अशी हाक आहे. गायरानाच्या प्रश्नावर ग्रामसभेत बोलणारा माणूस अर्ध्यावर थांबला असेल, तर तो हताश होता, चिंतेत होता की गावाला उठवीत होता? पूर्तता करणारा स्वतःच्या घरी ऐकलेले रूप लिहून मोकळा होतो आणि हा प्रश्न विचारलाच जात नाही.

म्हणींच्या संग्रहांनी या विसराला थोडा हातभार लावला आहे. मॅनवेअरिंगचा म्हणींचा संग्रह १८९९ मध्ये ऑक्सफर्डहून प्रसिद्ध झाला. दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोशाचा पहिला विभाग १९४२ मध्ये आला. या कामांचे मोल वादातीत आहे. पण कोशात म्हण नोंद म्हणून येते. म्हणीची शब्दकळा टिपणे आणि तिचा अर्थ देणे हे कोशाचे काम असल्यामुळे तेथे ती पूर्ण असलीच पाहिजे. कोशातील हे पूर्ण रूप म्हणजे मूळ आणि बोलण्यातील अर्धे रूप म्हणजे त्याचा तुटका अवशेष, असे मात्र त्यावरून ठरत नाही. बोलणाऱ्याच्या दृष्टीने अर्धे रूप हाच पुष्कळदा संपूर्ण उच्चार असतो.

कधी कधी तर बोलणारा जाणीवपूर्वक थांबतो. 'बाजारात तुरी' हे तीन-चार पिढ्यांतील सुशिक्षित मराठी माणसांच्या तोंडी सहज येणारे शब्द आहेत: वस्तू अजून हाती नाही आणि तिच्यावरून तंटा सुरू झाला, एवढाच त्यांचा आशय. म्हणीचा उत्तरार्ध 'भट भटणीला मारी' असा आहे. त्यात एका जातीची थट्टा आहे आणि नवऱ्याने बायकोला मारणे ही हसण्याची गोष्ट म्हणून आली आहे. आज एखादी प्राध्यापिका बैठकीत 'बाजारात तुरी' म्हणून थांबते तेव्हा तिला उत्तरार्ध आठवत नाही असे समजण्याचे कारण नाही. तिने म्हणीतला हवा तेवढा भाग घेतला आणि नको तो मागे ठेवला, असेही असू शकते. इतिवृत्त लिहिणाऱ्याने तिच्या तोंडी संपूर्ण म्हण घातली तर त्याने तिचे वाक्य पूर्ण केले, असे म्हणता येणार नाही. तिने जे नाकारले असेल तेच त्याने तिच्या नावावर नोंदवलेले असेल.

साहित्यशास्त्राला हे थांबणे परिचित आहे. आक्षेप या अलंकाराचे लक्षणच असे की जे सांगायचे आहे त्याचाच निषेध करायचा, आणि तो काही विशेष सुचवण्यासाठी. चौदाव्या शतकातील विश्वनाथाने साहित्यदर्पणात या अलंकाराचा एक प्रकार असा सांगितला आहे की बोलण्याचा एक अंश उच्चारला जातो आणि उरलेला अडवला जातो. त्याच्या उदाहरणात विरहिणीची सखी नायकाला तिची अवस्था सांगता सांगता थांबते. 'ती मरेल' हा अंश तेथे उच्चारलेला नाही, असे विश्वनाथ स्वतःच स्पष्ट करतो. येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की टीकाकार या नात्याने त्याने उरलेला अंश सांगितला, पण तो श्लोकात घातला नाही. सखी थांबली आहे हे श्लोकात जसेच्या तसे राहिले, आणि ती कोठे थांबली हे वृत्तीत आले. पूर्तता आणि संहिता यांच्या जागा वेगळ्या राहिल्या.

५

आता एक प्रसंग तपशिलाने पाहू. तो कल्पित आहे, पण मौखिक सामग्रीवर काम करणाऱ्यांना अनोळखी वाटणार नाही.

१९७२ च्या दुष्काळाच्या आठवणी गोळा करणारी एक संशोधक मराठवाड्यातील एका खेड्यात सत्तरी ओलांडलेल्या बाईंशी बोलते आहे. बाई दुष्काळी कामावर खडी फोडायला जात असत. लहान मुलगी घरी सासूजवळ ठेवलेली असे. त्या वर्षी सासू वारली. फितीवर बाईंचे शब्द असे आहेत: 'म्हातारी मेल्याचं दुख न्हाई…' त्यानंतर भांडे सरकवल्याचा आवाज, आठ-दहा सेकंदांची शांतता, आणि मग 'च्या घ्या, थंड व्हतोय.'

लिप्यंतर करणाऱ्यापुढे तीन मार्ग आहेत. पहिला असा की वाक्य पूर्णविरामाने संपवावे: म्हातारी मेल्याचे दुःख नाही. असे केले तर बाईंच्या तोंडी एक थंड विधान येते. दुष्काळात एक खाणारे तोंड कमी झाले, असा त्याचा अर्थ लावायला कोणताही अभ्यासक मोकळा होईल. दुसरा मार्ग म्हण पूर्ण करण्याचा. तो दयाळू वाटतो. बाईंवरचा निर्दयपणाचा आरोप टळतो आणि शिवाय वाक्याला एक आकर्षक खोली येते, कारण 'काळ' हा शब्द 'दुष्काळ' या शब्दातही आहे. सोकावलेला काळ म्हणजे वर्षानुवर्षे परतून येणारा दुष्काळ, असे वाचन सुचते. लेखाला शीर्षक मिळते. आणि याच कारणाने हा मार्ग अधिक फसवा आहे: पूर्तता जितकी देखणी तितकी तिच्याविषयी शंका घेण्याची इच्छा कमी.

फितीवरचा पुरावा काय सांगतो ते पाहिले पाहिजे. एरवी बोलणारा म्हण अर्धी सोडतो तेव्हा शेवटच्या शब्दावर स्वर लोंबता ठेवतो आणि ऐकणाऱ्याकडे पाहतो. ऐकणारा 'हो ना' म्हणतो किंवा मान हलवतो, आणि मग बोलणारा त्याच मुद्द्यावरून पुढे जातो. पूर्तता झाल्याची ती पावती असते. येथे स्वर 'न्हाई'वर खाली येतो, पावतीची वाट पाहिली जात नाही, आणि पुढचे वाक्य विषय सोडून जाते. म्हण सुरू झाली होती हे खरे. ती सामायिक स्मृतीच्या भरवशावर सोडून दिली, असे मात्र दिसत नाही. ती मध्येच बंद पडलेली आहे.

ती का बंद पडली असेल? या म्हणीत म्हातारी हे रूपक आहे. तिच्या जागी एरवी गायरान असते, पगार असतो, इतिवृत्तातली ओळ असते. म्हण चालते ती म्हातारी खरी नसते म्हणून. येथे म्हातारी खरी आहे. तोंडात बसलेले शब्द सवयीने बाहेर आले आणि अर्ध्या वाटेवर त्यांची गाठ एका प्रत्यक्ष मृत माणसाशी पडली, असे घडणे अगदी शक्य आहे. त्याच फितीवर वीस मिनिटांनंतर बाई सहज सांगतात की सासू आपल्या वाट्याची अर्धी भाकरी नातीला देत असे, आणि हे बाईंना नंतर, शेजारणीकडून कळले. हे वाक्य ऐकल्यावर आधीच्या शांततेकडे पुन्हा वळावे लागते. 'दुःख नाही' हा नकार त्या शांततेत टिकला की मोडला, हे निश्चित सांगता येणार नाही. पण एवढे सांगता येईल की 'काळ सोकावतो' हे शब्द तेथे घातले असते तर ही शांतता दिसलीच नसती. म्हण दुःखाला एका व्यक्तीकडून उचलून भावी मृत्यूंकडे नेते. बाई ज्या क्षणी कदाचित असे करण्याचे थांबल्या, त्याच क्षणी लिप्यंतरकाराने ते त्यांच्या वतीने करून टाकले असते.

तिसरा मार्ग उरतो. शब्द जेथे तुटले तेथे तुटू द्यायचे. शांतता किती वेळाची, मध्ये कोणता आवाज, पुढचे वाक्य कोणते हे नोंदवायचे. आणि ही एका परिचित म्हणीची सुरुवात आहे, तिचा उत्तरार्ध अमुक आहे, हे तळटीपेत स्वतःच्या नावाने सांगायचे. त्या भागात ही म्हण ज्या रूपात बोलली जाते ते रूप विचारून घेतले तर अधिक बरे. ते विचारताना बाईंनाच 'पुढे काय?' असे विचारणे मात्र योग्य नव्हे. त्या म्हण पुरी करून सांगतील, कारण म्हण त्यांना येते. आणि ती पूर्तता त्या क्षणाची आहे, असा भ्रम निर्माण होईल.

६

या भूमिकेवर एक गंभीर आक्षेप घेता येतो. प्रत्येक तुटलेले वाक्य असे पवित्र मानायचे ठरले तर अर्थनिर्णयनच थांबेल. शिवाय अपूर्ण ठेवणे हेही निरपराध नसते. उद्या कोणी ग्रामसभेतल्या त्या बोलणाऱ्याचे 'म्हातारी मेल्याचे दुःख नाही' एवढेच शब्द बातमीत छापले, तर गायरान गेल्याचे त्याला काही वाटत नाही असा उलटा अर्थ लोकांपुढे जाईल. तेथे उरलेला भाग न सांगणे हाच अन्याय ठरेल.

हा आक्षेप खरा आहे आणि तो मान्य करूनही मूळ मुद्दा उभा राहतो. ग्रामसभेतील वाक्यात म्हातारी रूपक आहे, स्वर लोंबता आहे, समोरच्या माना हललेल्या आहेत. तेथे पूर्तता श्रोत्यांनी आधीच केलेली आहे आणि वार्ताहराने ती सांगणे हे घडलेल्या गोष्टीचे कथन आहे. तरीही ती सांगताना कोणते शब्द बोलणाऱ्याचे आणि कोणते सर्वांना अभिप्रेत होते, हे वेगळे ठेवण्यात वार्ताहराचे काही बिघडत नाही. खेड्यातल्या त्या बाईंच्या बाबतीत यांतले काहीच घडलेले नाही. म्हणजे दोन्ही ठिकाणी निर्णय पुराव्यावर होतो, स्मरणावर होत नाही. स्मरण दोन्हीकडे एकच उत्तर देते आणि म्हणूनच त्याच्यावर विसंबता येत नाही.

पाठचिकित्सेने ही शिस्त फार पूर्वी स्वीकारली. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संस्थेत महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करताना वि. स. सुकथनकरांनी ज्या पाठाविषयी पुरेशी खात्री नाही त्याच्याखाली नागमोडी रेषा छापण्याची पद्धत ठेवली. आदिपर्वाचा खंड १९३३ मध्ये पूर्ण झाला, तेव्हा त्या ग्रंथातील शेकडो श्लोक अनेक पंडितांच्या जिभेवर होते. संपादकाने जिभेवरच्या पाठाला प्रमाण मानले नाही, आणि हस्तलिखितांवरून केलेला स्वतःचा निर्णय जेथे डळमळीत होता तेथे तो तसा दाखवला. वाचकाला पाठ मिळाला आणि त्या पाठावर किती भार टाकावा हेही कळले.

अर्ध्या म्हणीच्या बाबतीत याहून वेगळे काही मागायचे नाही. अर्थाध्याहार करण्याचा अधिकार समीक्षकाला आहे. त्यावाचून तो एक पाऊलही टाकू शकणार नाही. शब्दाध्याहार मात्र तो स्वतःच्या नावाने करू शकतो, दुसऱ्याच्या तोंडी नाही. 'येथे म्हण अशी पुरी होते' आणि 'येथे बाईंनी असे म्हटले' या दोन वाक्यांत जे अंतर आहे ते एका अवतरणचिन्हाएवढे आहे. हे अंतर एकदा ओलांडले, आणि ओलांडताना कोणाचे काही बिघडले नाही असे वाटले, की पुढच्या वेळी ते ओलांडणे अधिक सोपे जाते. विचाराधीन म्हण ज्या सोकावण्याविषयी बोलते ते लिप्यंतरकाराच्या मेजावरही घडू शकते. फरक एवढाच की येथे म्हातारीचेही दुःख असायला हवे, कारण ज्या बाईंचे वाक्य परस्पर पुरे केले गेले त्यांच्याजवळ ते सांगण्याची ती एकच वेळ होती.